सेकंड हँड गाड्यांच्या डीलरसाठी पेपरातली छोटी जाहिरात: शब्दाला पैसे पडतात तेव्हा काय लिहायचं, काय कापायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सेकंड हँड गाड्यांचा धंदा करणारे आणि त्यांच्यासाठी मॅटर लिहून देणारे, दोघांकडूनही हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवतोय. फोटोवाल्या, चौकटीतल्या मोठ्या जाहिरातींबद्दल इथे काही नाही. फक्त ती दोन-चार ओळींची छोटी जाहिरात, जिचा हिशोब शब्दावर होतो.

शब्द नेमके मोजतात कसे?

साधारणपणे दोन मोकळ्या जागांच्या मधे जे काही आहे तो एक शब्द. पहिले ठरावीक शब्द एका दरात मिळतात, म्हणजे तुम्ही तेवढे वापरा नाहीतर कमी वापरा, पैसे तेवढेच, आणि त्यापुढच्या प्रत्येक शब्दाला वेगळे पैसे. फोन नंबर बहुतेक ठिकाणी एक शब्द धरतात पण तो सलग लिहिला तर, मधे जागा सोडून तीन तुकडे केलेत तर काही काउंटरवर तीन शब्द मोजतील. वर्ष एक शब्द, किंमत एक शब्द. जोडरेघ असलेले शब्द कुठे एक धरतात कुठे दोन. काही पेपर शब्दावर नाही तर ओळीवर पैसे घेतात, तिथे मग शब्द किती यापेक्षा शब्द किती लांब हे बघावं लागतं कारण एक लांब शब्द खाली घसरला की नवीन ओळ सुरू झाली आणि तिचे पैसे लागले.

म्हणून मॅटर लिहायला बसायच्या आधी काउंटरवर चार गोष्टी विचारून घ्या: मूळ दरात किती शब्द, फोन नंबर कसा मोजता, जोडरेघेचं काय, आणि ठळक अक्षरांना वेगळे पैसे आहेत का. हे माहीत नसताना केलेली काटछाट अर्धी वाया जाते. पहिल्या ठरावीक शब्दांच्या आत तुम्ही आधीच असाल तर आणखी एक शब्द कमी करून काहीच वाचत नाही, उलट हातातली जागा सोडून देता.

कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला काढायचा हे ठरवायचं कसं?

या सगळ्या पानातली मुख्य गोष्ट हीच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

छोटी जाहिरात गाडी विकत नाही. गाडी विकली जाते ती बघितल्यावर, चालवल्यावर, भाव केल्यावर. जाहिरातीचं काम एवढंच की योग्य माणसाने फोन उचलावा आणि ज्याला ही गाडी चालणारच नाही त्याने उचलू नये. दुसरा भाग लोक विसरतात. ज्याला डिझेलच हवी आहे त्याचा फोन तुमच्या पेट्रोल गाडीसाठी आला तर तुमचा वेळ गेला, त्याचाही गेला, आणि त्या वेळात खऱ्या गिऱ्हाइकाला तुमचा नंबर बिझी लागला. तेव्हा प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा, हा शब्द योग्य फोन आणतो का, किंवा चुकीचा फोन थांबवतो का? दोन्हीपैकी काहीच करत नसेल तर तो शब्द गेला.

आणि अजून एक कसोटी आहे, फार उपयोगाची. शब्दाचा उलटा अर्थ घ्या आणि बघा, असं कुठला डीलर कधी लिहील का? 'उत्तम कंडिशन' चं उलट 'खराब कंडिशन', हे कोणीच लिहीत नाही, म्हणजे 'उत्तम कंडिशन' वाचून वाचणाऱ्याला काहीच नवीन कळलं नाही. पण 'पेट्रोल' चं उलट 'डिझेल', ते लिहिणारे आहेत. 'फर्स्ट ओनर' चं उलट 'थर्ड ओनर', अशाही गाड्या असतात. म्हणजे हे शब्द खरी माहिती देतात. 'योग्य दर', 'खात्रीशीर', 'काळजीपूर्वक वापरलेली', 'सुवर्णसंधी' या सगळ्यांना ही कसोटी लावून बघा, एकही टिकत नाही.

मग कुठल्या गोष्टी असायलाच हव्यात?

मॉडेलचं नाव, वर्ष, इंधन, किती किलोमीटर चालली, कितवा मालक, किंमत, डीलरचं नाव, फोन. बस. ऑटोमॅटिक असेल तर तो एक शब्द नक्की घाला, कारण ऑटोमॅटिक शोधणारा फक्त तेच शोधत असतो आणि मॅन्युअल हवी असणारा आपोआप बाजूला होतो. मॅन्युअल असेल आणि त्या मॉडेलमधे बहुतेक गाड्या मॅन्युअलच येत असतील तर लिहायची गरज नाही. इंधनाचंही तसंच, एखादं मॉडेल फक्त पेट्रोलमधेच येत असेल तर 'पेट्रोल' हा शब्द वाचवता येतो, पण याबद्दल पूर्ण खात्री असेल तरच.

रंग ही काठावरची गोष्ट. रंग आवडला म्हणून फोन करणारे फार थोडे, पण एक शब्द परवडत असेल तर घाला कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर गाडी उभी राहते. शब्द कमी पडले की सगळ्यात आधी रंग जाणार.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवा ना.

हो. मॉडेलचं नाव 'अमुक', डीलरचं नाव 'तमुक मोटर्स' धरू, आणि समजा मूळ दरात १६ शब्द बसतात. डीलरने हातात दिलेलं मॅटर असं:

'सुवर्णसंधी! उत्तम कंडिशनमधील, अत्यंत काळजीपूर्वक वापरलेली पांढऱ्या रंगाची अमुक पेट्रोल गाडी त्वरित विकणे आहे. मॉडेल २०१८, फक्त ४२,००० किलोमीटर चाललेली, फर्स्ट ओनर, सर्व कागदपत्रे पूर्ण, सर्व्हिस रेकॉर्ड उपलब्ध. आमच्याकडे इतरही अनेक गाड्या योग्य दरात मिळतील. एकदा अवश्य भेट द्या. इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा. मोबाइल नंबर (फोन)'

मोजले तर ४६ शब्द. म्हणजे ३० शब्दांचे जादा पैसे. आणि गंमत नाही, खरंच बघा, ४६ शब्दांत किंमत नाही आणि डीलरचं नावही नाही.

पहिला हात रिकाम्या शब्दांवर. 'सुवर्णसंधी', 'उत्तम कंडिशनमधील', 'अत्यंत काळजीपूर्वक वापरलेली' हे सहा शब्द कसोटीत पडले. 'त्वरित विकणे आहे' हे तीन गेले, कारण जाहिरात ज्या रकान्यात येणार त्याच्या डोक्यावरच 'वाहने विक्री' किंवा तसंच काहीतरी छापलेलं असतं, ते फुकट मिळतंय तर पुन्हा कशाला विकत घ्यायचं. त्याच कारणाने 'गाडी' पण गेला. 'फक्त' गेला, ४२,००० कमी आहेत की जास्त हे वाचणारा स्वतः ठरवतो. 'इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा' चार शब्द, आणि 'मोबाइल नंबर' दोन, खाली दहा आकडे दिसले की तो फोन आहे आणि त्यावर फोन करायचा हे कोणालाही कळतं. 'एकदा अवश्य भेट द्या' चार. 'आमच्याकडे इतरही अनेक गाड्या योग्य दरात मिळतील' सात, याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे. असे २८ शब्द गेले, उरले १८.

दुसरा हात थोडा बारीक. 'पांढऱ्या रंगाची' ऐवजी 'पांढरी', एक वाचला. '२०१८' समोर 'मॉडेल' लागत नाही, '४२,००० किमी' नंतर 'चाललेली' लागत नाही. 'सर्व्हिस रेकॉर्ड उपलब्ध' चं 'सर्व्हिस रेकॉर्डसह' झालं. आणि 'सर्व कागदपत्रे पूर्ण' हे तीन शब्द मी काढतो, कारण दुकान मांडून बसलेल्या डीलरकडे कागदपत्रं पूर्ण असणारच अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते, नसतील तर ती गाडी विकायलाच काढायची नाही. आता उरले ११.

तिसऱ्या हाताला कापायचं नाही, भर घालायची. किंमत एक शब्द, 'तमुक मोटर्स' दोन. झाले १४:

'अमुक पेट्रोल २०१८, पांढरी, ४२,००० किमी, फर्स्ट ओनर, सर्व्हिस रेकॉर्डसह. (किंमत). तमुक मोटर्स (फोन)'

१६ पैकी दोन शब्द शिल्लक आहेत आणि त्यांचे पैसे तुम्ही आधीच भरलेत, ते सोडू नका. गाडीला खरंच नवे टायर टाकले असतील तर 'नवे टायर' लिहा. ही तपासता येणारी गोष्ट आहे, टायर हा घेणाऱ्याच्या डोक्यातला पुढचा मोठा खर्च असतो, आणि तो वाचलाय हे दोन शब्दांत कळतं. या जागी 'उत्तम कंडिशन' पण दोनच शब्दांत बसलं असतं, त्याच पैशात, आणि त्याने एकही फोन वाढला नसता.

सुरुवात कुठल्या शब्दाने करायची?

मॉडेलच्या नावाने, जवळजवळ नेहमीच. रकाना वाचणारा माणूस ओळीच्या सुरुवातीवरून नजर खाली नेत असतो आणि त्याच्या मनात एखाद-दोन मॉडेलची नावं पक्की असतात. ते नाव दिसलं तर थांबतो. बऱ्याच पेपरांत पहिला शब्द आपोआप ठळक छापतात, म्हणजे तो ठळकपणा फुकट मिळतो, तो 'सुवर्णसंधी' वर घालवायचा का? शिवाय काही ठिकाणी जाहिराती पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावतात, तिथे लोक क्रमात वर यायला काहीतरी अक्षरं पुढे चिकटवतात. ते करू नका, ज्याला मॉडेल शोधायचंय तो मॉडेलच्या अक्षरापाशीच जाणार आहे आणि तुम्ही तिथे नसाल.

कंपनीचं नाव लिहायचं का असं पण विचारतात. मॉडेलचं नाव सगळ्यांना माहीत असेल तर कंपनीचं नाव म्हणजे जादा शब्द. नाव अनोळखी असेल किंवा एकच नाव दोन कंपन्या वापरत असतील तरच घाला.

शब्द एकमेकांना चिकटवून लिहिले तर पैसे वाचतात का?

थोडेफार, आणि मराठीला इथे आयता फायदा आहे कारण 'साठी', 'सह', 'पासून', 'मधे' हे सगळं मराठीत शब्दाला चिकटूनच येतं, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. 'रेकॉर्डसह', 'कर्जासह', 'रविवारीही' हे सगळे एकेक शब्द आहेत आणि वाचायला सरळ आहेत. तेवढा फायदा जरूर घ्या.

पण 'फर्स्टओनरपेट्रोल' असं काहीतरी करून आणलं तर एकतर काउंटरवरचा माणूस ते सोडवून तीन शब्द मोजतो, किंवा तसंच छापून येतं आणि वाचणारा पुढच्या जाहिरातीवर जातो. दुसरं जास्त महाग पडतं. '४२०००किमी' असं जोडलेलं काही ठिकाणी चालून जातं आणि वाचताही येतं, तिथे करा. चिकटवलेला शब्द मोठ्याने वाचून बघा, अडखळलात तर तोडा.

शॉर्टफॉर्म किती वापरायचे?

'किमी' सगळ्यांना कळतं. 'एसी' कळतं. त्यापलीकडे जरा जपून. डीलर लोक आपसात बोलताना जे शॉर्टफॉर्म वापरतात ते पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला माहीत नसतात, आणि सेकंड हँड घेणाऱ्यांत पहिल्यांदाच गाडी घेणारे पुष्कळ असतात. त्याला न कळलेल्या शॉर्टफॉर्मबद्दल तो फोन करून विचारत नाही, तो ती जाहिरात सोडून देतो. परत शॉर्टफॉर्म केल्याने शब्द कमी होत नाही, फक्त अक्षरं कमी होतात! एका शब्दाचा शॉर्टफॉर्म हा पण एक शब्दच मोजला जातो. म्हणजे शब्दावर पैसे असतील तिथे पूर्ण शब्द लिहायला एक पैसाही जास्त लागत नाही. शॉर्टफॉर्मचा फायदा फक्त ओळीवर पैसे असतील तिथे, किंवा तीन-चार शब्दांचं नाव एका शॉर्टफॉर्ममधे येत असेल तिथे.

किंमत टाकायची का? टाकली की फोन कमी येतात.

कमी येतात हे खरं आहे. पण कोणाचे कमी होतात ते बघा. ज्यांच्या बजेटमधे ती गाडी बसतच नव्हती त्यांचे. किंमत नसलेल्या जाहिरातीवर आलेल्या फोनवरचा पहिला प्रश्न 'केवढ्याला?' हाच असतो आणि तिथेच बरेच फोन संपतात. एका शब्दात एवढे चुकीचे फोन थांबवणारा दुसरा शब्द मला तरी माहीत नाही.

लोक किंमत का लपवतात तेही समजतं. वाटतं की माणूस एकदा दुकानात आला की बोलता येईल. पण छोट्या जाहिरातीच्या रकान्यात तुमच्या वर-खाली तसल्याच गाड्या किमतीसकट छापलेल्या असतात आणि किंमत नसलेली जाहिरात वाचून माणूस समजतो की महाग असणार. अगदी दुर्मिळ गाडी असेल, जिचा बाजारभाव असा ठरलेला नाही, तिथे किंमत न टाकणं मला पटतं. बाकी ठिकाणी टाका.

'किंमत' हा शब्द मात्र लिहू नका, आकडा आणि चलनाचं चिन्ह पुरतं. 'निगोशिएबल' पण नको, सेकंड हँड गाडीचा भाव होतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि तो शब्द लिहून तुम्ही फोन यायच्या आधीच थोडे खाली उतरलात. उलट खरंच भाव करणार नसाल तर 'फिक्स' हा एक शब्द जरूर घाला, तो चुकीचे फोन थांबवतो. आणि 'पासून' लावून एक अगदी कमी आकडा टाकायचा, ज्या भावाची गाडी दुकानात एकच आहे आणि तीही कोणी घेणार नाही अशी, तर ते करू नका. असा आलेला माणूस चिडून जातो आणि चार जणांना सांगतो.

माझ्याकडे पंधरा-वीस गाड्या आहेत, मी एकाच गाडीची जाहिरात का देऊ?

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे वरच्यासारखी एक गाडी नीट सांगायची. दुसरा म्हणजे यादी: मॉडेल, वर्ष, किंमत, एका गाडीला तीन शब्द. चार गाड्यांचे १२, डीलरचं नाव दोन, फोन एक, झाले १५. त्याच पैशात चार गाड्या.

यादी कधी चालते? गाड्या सगळीकडे मिळणाऱ्या, एकसारख्या असतात आणि घेणारा मुख्यतः वर्ष आणि किंमत बघतो तेव्हा. गाडीत काही वेगळं असेल, म्हणजे खूप कमी चाललेली, ऑटोमॅटिक, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली, तर ती यादीत टाकली की तिचं वेगळेपण तीन शब्दांत बसत नाही आणि ती बाकीच्यांसारखीच एक होते. तिला स्वतंत्र जाहिरात द्या.

जे करू नये ते म्हणजे मधलं काहीतरी, एक गाडी अर्धवट सांगायची आणि मागे 'इतरही अनेक गाड्या उपलब्ध' जोडायचं. डीलरच्या नावात 'मोटर्स' आहे म्हटल्यावर इतर गाड्या आहेत हे कळलंच. सांगायचंच असेल तर आकड्यासकट सांगा, 'आणखी १५ गाड्या', तीन शब्द, आणि त्यातून दुकान केवढं आहे ते तरी समजतं.

डीलरचं नाव काढून टाकलं तर दोन शब्द वाचतील, आणि लोकांना वाटेल घरची गाडी आहे. चालेल?

नाही. हे दोन शब्द कापायचेच नाहीत. डीलरने खाजगी मालक असल्याचं भासवणं हे बऱ्याच देशांत ग्राहकांना फसवणाऱ्या व्यवहारात मोडतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी फोनवर दुसऱ्या वाक्याला कळतं की समोर डीलर आहे. ज्या माणसाचा विश्वास तुम्हाला हवाय त्याच्याशी पहिलीच ओळख खोट्याने झाली. नाव फार लांब असेल तर छोटं करा, दुकानाच्या पाटीवर लोक जे वाचतात तेवढं एक नाव पुरतं.

तसंच किलोमीटरचं. मीटरवर दिसतो तोच आकडा लिहा आणि मीटर बदललेला असेल किंवा आकड्याबद्दल तुम्हालाच शंका असेल तर किलोमीटर लिहूच नका, आणि फोनवर विचारल्यावर खरं सांगा. 'नॉन ॲक्सिडेंट' लिहायचं असेल तर तशी खात्री केल्यावरच, कारण घेणारा स्वतःचा मेकॅनिक घेऊन येतो आणि तो पत्र्याचे सांधे, रंगातला फरक, बोल्टवरच्या खुणा बघतो. शब्द कमी आहेत म्हणून अर्थ बदलेल अशी काटछाट पण करायची नाही. 'इंजिन बदललेलं' मधला दुसरा शब्द उडवून फक्त 'नवं इंजिन' लिहिलं तर शब्द दोनच राहिले पण गोष्ट वेगळी झाली, कारण बदललेलं इंजिन जुनंही असू शकतं.

गाडीतला दोष जाहिरातीत सांगायचा का? त्याला पण पैसेच पडणार.

छोटासा, दिसणारा दोष असेल आणि त्यामुळे किंमत कमी ठेवली असेल तर सांगा. कमी किंमत बघून वाचणाऱ्याला पहिली शंका येते की काहीतरी लपवलंय. 'बंपरला ओरखडा' एवढे दोन शब्द ती शंका घालवतात आणि किंमत कमी का आहे ते सांगतात. माझ्या मते अशा वेळी हे दोन शब्द सगळ्या जाहिरातीत जास्त कामाचे असतात. मोठा दोष, म्हणजे गिअरबॉक्स किंवा इंजिनचं काम, दोन शब्दांत नीट मांडता येत नाही, तो फोनवर, माणूस यायला निघायच्या आधी सांगायचा.

लोन, एक्सचेंज, वॉरंटी, हे घालावं का?

खरंच देत असाल आणि शेजारच्या रकान्यातले देत नसतील तर घाला, एकेक शब्दच आहे. सगळेच देत असतील तर तो शब्द फक्त पैसे खातो. 'वॉरंटी' एकटा लिहू नका, महिने लिहा, '६ महिने वॉरंटी'. तीन शब्द होतात, पण नुसत्या 'वॉरंटी' ला वाचणारा काही किंमत देत नाही आणि नंतर कशाची वॉरंटी यावरून वाद होतो.

मॅटर फोनवर सांगितलं तर चालतं का?

चालतं पण आकडे बिघडतात. शक्यतो लिहून पाठवा, टाइप करून, आणि छापायच्या आधी प्रूफ मागा. प्रूफ आलं की आधी फोन नंबर तपासा, तोही डोळ्याने नाही, प्रूफवरचा नंबर बघून खरोखर फोन लावून. दुकानातला फोन वाजला तर बरोबर. देवनागरी आकड्यांत छापणार असतील तर १ आणि ९ कडे नीट बघा, बारीक अक्षरांत आणि पेपरच्या शाईत हे दोन फार सारखे दिसतात. नंबरात हे आकडे जास्त असतील तर इंग्रजी आकड्यांत छापायला सांगा, शब्द तेवढाच राहतो. मग वर्ष, किलोमीटर, किंमत. किमतीत एक शून्य कमी पडलं तर दिवसभर फोन वाजत राहतील आणि प्रत्येकाला तुम्ही नाही म्हणत बसाल.

किती दिवस द्यावी? आणि कुठल्या जाहिरातीने फोन आले हे कसं कळणार?

सुट्टीच्या आधीचा दिवस आणि सुट्टीचा दिवस हे बरे, कारण गाडी बघायला जायला लोकांना तेव्हाच वेळ असतो. सलग दिवसांचा सवलतीचा दर असेल तर घेताना एक विचारा, मधेच मॅटर बदलता येतं का. गाडी पहिल्याच दिवशी गेली तर उरलेल्या दिवसांत दुसरी गाडी त्या जागी घालता आली पाहिजे, आणि बदल किती वाजेपर्यंत कळवायचा तेही लिहून घ्या.

मोजायचं असेल तर जाहिरातीत कोड टाकून एक शब्द खर्च करायची गरज नाही. दोन पेपरात देत असाल तर दोन वेगळे नंबर द्या, कुठला वाजला त्यावरून कळतं. एकच नंबर असेल तर फोन घेणाऱ्याने 'कुठे वाचलंत?' एवढं विचारून वहीत रेघ मारायची. आणि फोनची संख्या एकटी बघू नका, त्यातले गाडी बघायला किती आले ते वेगळं लिहा. एका मॅटरला फोन भरपूर आणि येणारं कोणीच नाही असं झालं तर मॅटरमधे काहीतरी राहिलंय, बहुतेक वेळा किंमत किंवा कितवा मालक. फोनवर लोक सगळ्यात आधी काय विचारतात ते बघा, तोच शब्द पुढच्या वेळी घालायचा. दोन मॅटर तुलना करायची असतील तर एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही.

जाहिरात सुरू आहे आणि गाडी विकली गेली, येणाऱ्या फोनना काय सांगायचं?

विकली गेली असं सरळ सांगायचं, पहिल्याच वाक्यात. 'या तर खरं, दाखवतो' म्हणून बोलावून दुसरी गाडी पुढे करायची नाही. विकली सांगितल्यावर विचारा की त्यांना काय हवं होतं, कुठलं वर्ष, किती बजेट, आणि तसली गाडी असेल तर तेव्हाच किमतीसकट सांगा, नसेल तर नाव आणि नंबर लिहून ठेवा. हे जमायला फोन घेणाऱ्यासमोर जाहिरातीचं कात्रण आणि दुकानातल्या गाड्यांची त्या दिवशीची यादी असायला हवी. नाहीतर समोरचा म्हणतो 'ती ४२ हजार चाललेली', आणि इकडे उत्तर येतं, 'कुठली?'